माझा एक खात्रीचा नियम

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी फुलांच्या पाकळ्या मोजायला शिकले. म्हणजे हातात फूटपट्टी घेऊन नव्हे. डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स लावला होता, आणि त्यात पहिलाच स्वाध्याय होता फुलांचा. पाकळीची लांबी, पाकळीची रुंदी असे आकडे दिलेले, आणि त्यावरून फूल तीन जातींपैकी कुठल्या जातीचं ते कॉम्प्युटरने ओळखायचं. रविवारी सकाळी मी हे आईला फोनवर कौतुकाने सांगितलं. आईचं सगळं आयुष्य वसईच्या खाडीकाठच्या गावात भात आणि भाजी करण्यात गेलं. ती म्हणाली, "फूल बघून कळत नाय का त्यांना?"

माझा नवरा विरारच्या एका शाळेत गणित शिकवतो. तो पलीकडे पेपर तपासत बसला होता. तो इतका हसला की एका पोराचे दोन मार्क वाढलेच असतील.

हसा म्हटलं. मला राग लवकर येतो, पण या बाबतीत मी ठरवलं होतं की रागवायचं नाही, शिकायचं. चौदा वर्षं मी जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहितेय. (खऱ्या जावा मला नाहीत. असत्या तर त्यांच्याशीही एवढं जमवून घ्यावं लागलं नसतं.) त्यातली आठ वर्षं एकाच ग्राहकाचं एकच सॉफ्टवेअर सांभाळण्यात गेली. पाणी शुद्ध करायची मशीन घरोघरी बसवणारी आणि दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. तिच्या तक्रारींची नोंद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. कुठे बटण हललं, कुठे तारीख उलटी पडली, की मी नीट करायची. काम वाईट नव्हतं हो. पण सकाळी ऑफिसात लॅपटॉप उघडला की आज काय होणार ते मला संध्याकाळपर्यंतचं सगळं ठाऊक असायचं, आणि त्याचा मला वीट आला होता.

कोर्स संपला. सर्टिफिकेट आलं. नवऱ्याने ते छापून फ्रिजवर लावलं, त्याच्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहिला. ऑफिसात मात्र सर्टिफिकेट बघून कोणी उठून उभं राहिलं नाही. आमचे मॅनेजर सज्जन गृहस्थ आहेत, पण शब्दांना कंजूष. ते म्हणाले, "कोर्स सगळेच करतात. काहीतरी करून दाखवा."

मग मी माझंच दुखणं त्यांच्यापुढे मांडलं. त्या पाण्याच्या मशीनवाल्या कंपनीला रोज शेकडो तक्रारी मेसेजने येतात, दहिसरपासून डहाणूपर्यंतच्या. एक माणूस बसून प्रत्येक मेसेज वाचतो आणि ठरवतो की हा मराठी बोलणाऱ्या टेबलाकडे पाठवायचा की हिंदी बोलणाऱ्या, आणि तक्रार कसली आहे. मशीन बंद, गळती, पाण्याला वास, फिल्टर बदलायचा, की 'तुमचा माणूस येतो म्हणाला आणि आलाच नाही'. हे काम प्रोग्रॅमने केलं तर? जुन्या तक्रारी माझ्याच सॉफ्टवेअरमध्ये पडल्या होत्या. त्यांना माझ्याइतकं जवळून कोणी ओळखत नव्हतं.

मॅनेजर म्हणाले, "पद बदलणार नाही. पगार बदलणार नाही. दर शुक्रवार तुमचा. तीन महिन्यांनी दाखवा. जमलं तर आठवड्यातले तीन दिवस डेटा टीमबरोबर. नाही जमलं तर शुक्रवारही परत."

म्हणजे मी अशा परीक्षेला बसले होते जिच्यात पास झालं तरी नावापुढे काही लागणार नव्हतं. तरी मला ते तीन दिवस हवे होते. लहान मुलाला जत्रेतला पाळणा हवा असतो तसे हवे होते, खोटं कशाला बोलू.

डेटा टीमची प्रमुख माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. पुण्याची मुलगी, बोलणं स्वच्छ, डोकं त्याहून स्वच्छ. मला ताई म्हणायची आणि माझ्या चुका मात्र अजिबात ताईच्या मानाने काढायची नाही. पहिल्या महिन्यात मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं की माझा पहिला प्रोग्रॅम दहातल्या सहा तक्रारी बरोबर ओळखतो. तिने दोन मिनिटं स्क्रीन बघितली.

"ताई, हा प्रत्येक मेसेजला 'मशीन बंद' म्हणतोय."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. दहातल्या सहा तक्रारी मुळातच मशीन बंदच्या आहेत. म्हणून सहा बरोबर."

अगं बाई! नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या वर्गात एक आहे असा. सगळ्या प्रश्नांना 'ब' पर्याय लिहितो. त्यालाही तू तुझ्या टीममध्ये घे." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण धडा पक्का बसला, की एकूण बेरीज बघायची नाही, प्रत्येक प्रकारची तक्रार वेगळी काढून बघायची, गळतीच्या किती पकडल्या, वासाच्या किती सुटल्या. मग मी हजारभर मेसेज स्वतः वाचून त्यांच्यावर हाताने शिक्के मारले, हा गळतीचा, हा वासाचा. काही ठेवले शिकवायला, काही बाजूला ठेवले परीक्षेला. परीक्षेचे मेसेज प्रोग्रॅमला आधी दाखवायचे नाहीत, हा नियम मला नवऱ्यामुळे पटकन समजला. पेपर फुटला तर मार्कांना काय अर्थ?

प्रोग्रॅम साधाच होता. मेसेजमध्ये कुठले शब्द आहेत, ते किती वेळा आलेत आणि एरवी ते किती दुर्मीळ असतात, यावरून प्रत्येक शब्दाला वजन द्यायचं आणि त्या वजनांवरून तक्रारीचा प्रकार ठरवायचा. 'वास' हा शब्द वजनदार, 'कृपया' हा हलका. मला हे फार आवडलं. माणसांचंही असंच असतं, असं मी नवऱ्याला म्हणणार होते, पण त्याने आणखी काहीतरी उत्तर दिलं असतं.

खरी कटकट होती भाषेची. आपल्याकडे मेसेज येतात कसे? 'मशीन बंद.' आता ही मराठी की हिंदी? तयार मिळणारा भाषा ओळखणारा प्रोग्रॅम असल्या दोन शब्दांवर गडबडायचा, कधी इकडे टाकायचा, कधी तिकडे. तेव्हा मी त्याच्या आधी माझे चार नियम घातले. मेसेजात 'है' किंवा 'नहीं' असेल तर हिंदी. 'आहे' किंवा 'नाही' असेल तर मराठी. 'पाणी' असेल तर मराठी. आणि 'पानी' असेल तर हिंदी. पाण्याच्या मशीनच्या तक्रारी, प्रत्येक दुसऱ्या मेसेजात हा शब्द असणारच! मी 'पानी'चा नियम सगळ्यात वर ठेवला आणि त्याच्या शेजारी इतरांच्या माहितीसाठी एक ओळ लिहिली, 'खात्रीचा नियम'.

मग मराठी ढिगातले तीनशे मेसेज उपसून वाचले. एकही हिंदी सापडला नाही. मी खुर्चीतच एक गिरकी घेतली. त्याच मराठी ढिगातून परीक्षेचे मेसेज काढले, आणि शंभरातले एक्याण्णव बरोबर आले, सगळे प्रकार वेगवेगळे बघूनसुद्धा. पुण्याची मुलगी म्हणाली, "ताई, छान." ती 'छान' वर्षातून दोनदा म्हणते असं मला नंतर कळलं. कंपनीनेही मान्य केलं आणि फक्त वसई तालुक्यात दोन आठवडे प्रोग्रॅम चालवून बघायचं ठरलं. माणूस बाजूला बसला, माझ्या प्रोग्रॅमने मेसेज वाटायला सुरुवात केली. शेवटच्या शुक्रवारी मॅनेजरपुढे दाखवायचं होतं. मी चक्क नवी साडी काढून ठेवली.

त्या शुक्रवाराच्या आधीच्या शनिवारी मी आईकडे गेले. गावात शिरताना वालाच्या शेंगांचा वास येत होता, माझं डोकं हवेत. आईच्या स्वयंपाकघरात बघते तर गॅसवर हे मोठं पातेलं, त्यात पाणी उकळतंय. आणि मी घेऊन दिलेली पाण्याची मशीन, तीच त्या कंपनीची, कोपऱ्यात मुकी. वर फडकं टाकलेलं.

"हे काय?"

"पानी उकळतंय."

"ते दिसतंय मला. मशीन?"

"बंद. आठ-नऊ दिस झाले."

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, खाडी जवळ. उकळून त्याची चव जात नाही. आई शेजारच्या वाडीतून हंडा आणत होती, सत्तरीला आलेली बाई. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा तो कार्यक्रम चालला होता ना. आनी मी मेसेज केला की त्यांना. तू शिकवलास तसा, बोटानं, एकेक अक्षर. फोन पन आला."

"मग?"

मग आईने जे सांगितलं ते ऐकून मी आधी हसले आणि मग हसू आवरलं. फोन आला तो एका मुलीचा, हिंदीतून. मुलगी गोड होती, असं आईचं म्हणणं. आईला हिंदी येते तेवढी तिने सगळी खर्च केली. 'हमारे मशीन का पानी गया' असं तिने सांगितलं. मुलीने विचारलं, 'पूरे गाँव का पानी गया क्या?' आईला प्रश्न नीट कळला नाही, पण माणसाने विचारलं तर हो म्हणावं, अशी आमच्याकडची रीत. आई म्हणाली, हां हां. मग तिने त्या मुलीला तिचं गाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं, वालाच्या शेंगा खायला ये म्हणून सांगितलं. वीस मिनिटं दोघी बोलल्या. मुलीने तक्रारीवर लिहिलं असणार की गावाचाच पाणीपुरवठा बंद, मशीनचा दोष नाही, आणि तक्रार मिटवली.

"ती बिचारी काय करील?" आई म्हणाली. "तिला मराठी कुठं येते?"

"पण तुला हिंदीवालीचा फोन आलाच कसा? तू मराठीत लिहिलंस ना? कोण मूर्ख बसलाय तिकडे! नीट वाचता येत नाही लोकांना!" मी तावातावाने लॅपटॉप काढला आणि ओट्यावरच उघडला. ओट्यावर म्हणजे भाजी चिरायच्या जागेवर. आईने विळी बाजूला सरकवली. ज्याने कोणी हे केलं त्याचं नाव काढून सोमवारी त्याची जाहीर पूजा बांधायची, असं माझं ठरलं होतं.

आईचा नंबर टाकला. तक्रार आली. तिचा मेसेज असा होता: 'मशीनीतून पानी नाय येत. चार दिस झाले. कोनी तरी या.'

खाली लिहिलेलं: भाषा हिंदी. कारण: नियम एक, 'पानी'. आणि त्या नियमाच्या शेजारी, ज्याने लिहिला त्याच्या नावासकट, 'खात्रीचा नियम'. नाव माझं होतं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आई मला म्हणाली, "काय गं? सापडला का तो?"

"सापडला," मी म्हटलं.

चूक काय झाली ते पुस्तकी भाषेत मला तिथल्या तिथे कळलं. मी मराठीच्या ढिगात हिंदी शिरली नाही ना, एवढंच तपासलं होतं. हिंदीच्या ढिगात मराठी किती गेली, हे मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं. आणि परीक्षेचे मेसेज त्या मराठी ढिगातूनच काढलेले. ज्यांना दारातूनच परत पाठवलं ती माणसं परीक्षेला बसणारच कशी? एक्याण्णव मार्क खरे होते, पण आत आलेल्यांपुरते. रात्री नवऱ्याला फोन केला तर त्याने या वेळी चेष्टा केली नाही. तो म्हणाला, "म्हणजे तू पास झालेल्यांचेच पेपर पुन्हा तपासलेस."

पण हे झालं पुस्तकी. दुसरी गोष्ट पुस्तकी नव्हती. रविवारी सकाळी मी आईकडेच बसून हिंदीचा ढीग उघडला. चारशे मेसेज वाचले. त्यातले साठ-पासष्ट माझ्या घरचे होते. घरचे म्हणजे, आईसारखं बोलणाऱ्यांचे. 'पानी कडू लागते.' 'पानी गलते सारका.' 'पानी नाय, मानूस येतो बोलला पन आला नाय.' हा शेवटचा वाचताना मला त्या बाईचा कमरेवर हात ठेवलेला दिसत होता. खाडीकाठचे, मिठागराकडचे, समुद्राकडचे. ज्यांच्या घरात 'ण' हे अक्षर कधी आलंच नाही असे सगळे लोक मी उचलून परप्रांतात नेऊन ठेवले होते.

आणि हे कोणी केलं? पुण्याच्या मुलीने केलं असतं तर मी म्हटलं असतं, तिला काय माहीत. केलं मी. मी सुद्धा पाचवीपर्यंत 'पानी'च म्हणत होते. तालुक्याच्या शाळेत आल्यावर बाईंनी वहीत तांबड्या शाईने एवढे गोल काढले की पान गोवर आल्यासारखं दिसायचं. वर्ग हसायचा. मी आरशासमोर उभी राहून जीभ वळवून 'पाणी, लोणी, कोणी' म्हणायचे, गालफडं दुखेपर्यंत. शिकले. इतकी पक्की शिकले की पुढे कोणी 'पानी' लिहिलं तर हा आपला माणूस असू शकतो हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बाई निदान गोल काढून वही परत तरी द्यायच्या. मला लाज वाटली. खूप लाज वाटली, आणि आई शेजारी शेंगा सोलत होती, तिला काय सांगणार?

शेवटी सांगितलंच. म्हटलं, "आये, तुझा मेसेज मीच हिंदीत टाकला."

तिने शेंग मोडली. "तू होय? मग दुरुस्त कर की. आनी त्या पोरीला कळव, शेंगा ठेवल्यात म्हनून." तिला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही.

दुरुस्त करणं पाच मिनिटांचं काम होतं. 'पानी'चा नियम काढून टाकायचा, बस. आणि इथे मोह होता, तो लपवत नाही. नियम गुपचूप काढला असता तर शुक्रवारचे एक्याण्णव तसेच राहिले असते, कारण परीक्षेचे मेसेज तेच होते. कोणाला कळलं नसतं. आईची तक्रार मी पुन्हा उघडून मराठी टेबलाकडे पाठवली होतीच. माझे तीन दिवस मला मिळाले असते. सोमवारी दुपारपर्यंत मी स्वतःला हे समजावत होते, की आधी आत तर जाऊ, मग सुधारू. पण नियम काढला म्हणजे काय, तर ती साठ-पासष्ट माणसं दारातून आत येणार. आत आल्यावर माझ्या प्रोग्रॅमला त्यांचं बोलणं समजणार आहे का? त्याला मी 'गळतंय' शिकवलं होतं, 'गलते' नाही. आणि हे मोजल्याशिवाय मी 'जमलं' म्हणणार कशी? एवढं न मोजता सांगायचं तर त्या फुलांच्या पाकळ्या तरी कशाला मोजल्या?

मंगळवारी पुण्याच्या मुलीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, ढीग वाटायच्या आधीच्या सगळ्या मेसेजांतून नवे उचला. शिक्के मारा. मोजा. जे येईल ते शुक्रवारी दाखवा."

"फार कमी आलं तर?"

"तर कमी दाखवा."

तीन दिवस मी शिक्के मारत होते. आकडा आला शंभरात एक्क्याऐंशी. आणि खाडीकाठच्या बोलीचे मेसेज वेगळे काढून बघितले तर त्यांचा आला त्रेपन्न. एकूण आकडा मी फार चुकीचा सांगितला नव्हता, असं म्हणून मनाची समजूत घालता येत होती. त्या त्रेपन्नाची समजूत घालता येईना.

शुक्रवारी नवी साडी नेसले नाही. मॅनेजरच्या खोलीत मी, पुण्याची मुलगी आणि मॅनेजर. मी आधी एक्याण्णव दाखवला, मग तो खोटा का ते सांगितलं, मग नवे दोन आकडे दाखवले. मॅनेजर चष्मा पुसत बसले.

"म्हणजे तीन महिन्यांनी तुम्ही मला हे दाखवायला आलात, की जे चांगलं वाटत होतं ते तितकं चांगलं नाही?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"हे वेगळे मेसेज आहेत कसे? वाचा बरं एखादा."

मी वाचायला घेतला आणि माझी जीभ आपोआप वळली. 'मशीनीतून पाणी…' थांबले. तसं लिहिलेलंच नव्हतं. परत सुरुवातीपासून वाचला, लिहिला होता तसा. मशीनीतून पानी नाय येत. चार दिस झाले. कोनी तरी या. मी तो आईच्याच चालीत वाचला, म्हणजे शेवटचा 'या' लांबवून. ऑफिसच्या भिंतींमध्ये चौदा वर्षांत मी तसं कधी बोलले नव्हते. कान गरम झाले. मग दुसरा वाचला, तिसरा वाचला, कमरेवर हातवाला. मॅनेजर हसले, पण त्या बाईच्या तोऱ्याला हसले.

पुण्याची मुलगी म्हणाली, "सर, पैसे घेऊन शिक्के मारून देणाऱ्या बाहेरच्या लोकांना या बोलीतले दोनशे मेसेज दिले होते मी, परवा. त्यांनीही अर्ध्याहून जास्त हिंदीतच टाकले. आणि उरलेल्यांत 'गलते' म्हणजे काय ते कोणाला कळलं नाही."

"मग कळतं कोणाला?"

मी म्हटलं, "मला. मी त्याच गावची आहे, सर. हे माझ्या घरचं बोलणं आहे. आणि मला जे कळणार नाही ते आईला कळेल. ती मेसेज ऐकून गावसुद्धा सांगते."

मॅनेजर पुन्हा चष्मा पुसू लागले. तो स्वच्छच होता. मग म्हणाले, "त्रेपन्नाचे पंच्याहत्तर करा. सोमवारपासून तीन दिवस. पद तेच."

"पद तेच," मी म्हटलं, आणि दार लोटून बाहेर आले. जागेवर येऊन बसले. आनंद झाला होता, प्रचंड झाला होता, पण त्याचं करायचं काय ते समजत नव्हतं. शेजारच्या टेबलांवर सगळे आपापल्या कामात. तेवढ्यात आईचा फोन आला.

आता एक सांगायचं राहिलं. आईचा फोन आला की मी नेहमी उठून जिन्यात जायचे. चौदा वर्षं. दार लावून घ्यायचे, हळू आवाजात बोलायचे. इतरांना त्रास नको, असं कारण मी स्वतःला सांगत असे. त्या दिवशी मी फोन जागेवर बसूनच उचलला आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "आये, पानी आला का गं?"

"आला. मानूस येऊन गेला, मराठी बोलनारा." मग म्हणाली, "काय गं, आज जिन्यात नाय गेलीस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिकडं तुझा आवाज घुमतो," आई म्हणाली. "आज नाय घुमत."